तेरीज जुळली, पण हिशेब चुकलेलाच होता: मार्केट यार्डातल्या एका पेढीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका तालुक्याच्या गावातल्या मार्केट यार्डातल्या भुसार पेढीचे आहे. दोन चुलतभाऊ निम्म्या-निम्म्या हिश्श्याने भागीदार. व्यापार घाऊक डाळी आणि कडधान्यांचा, सगळा माल पन्नास किलोच्या पोत्यांत, त्यामुळे विक्रीवर जीएसटीचा प्रश्न नव्हता. पुस्तके हाताने लिहिलेली: रोजमेळ, खरेदी वही, विक्री वही आणि खतावणी. ती लिहिणारे दिवाणजी पेढीवर जुने, अक्षर मोत्यासारखे आणि सचोटीबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. गोदामातली माल आवक वही मात्र हमालांचा मुकादम वेगळी ठेवत असे.

३१ मार्च २०२४ रोजी थोरले भागीदार निवृत्त होणार होते. वर्ष २०२३-२४ चा नफा निम्मा-निम्मा वाटून, ताळेबंदात त्यांच्या भांडवल खात्यावर जी रक्कम येईल ती त्यांना द्यायची, असे लेखी ठरले होते. त्यामुळे एरवी 'अंदाजे बरोबर' म्हणून चालून गेला असता तो नफा यंदा रुपयापर्यंत बरोबर हवा होता. कच्च्या नफा-तोटा पत्रकात तो ₹४,१२,००० दिसत होता. खाती अजून बंद झालेली नव्हती. या टप्प्यावर पेढीने मला पुस्तके तपासायला बोलावले.

अडचण

खतावणीतल्या सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी, म्हणजे तेरीज, जुळत नव्हती. नावे बाजू जमा बाजूपेक्षा ₹१,३५० ने कमी येत होती. दिवाणजींनी तेवढी रक्कम सस्पेन्स खात्याला, म्हणजे न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायच्या खात्याला, नावे टाकून तेरीज तात्पुरती जुळवून घेतली होती आणि तीवरूनच कच्चे पत्रक केले होते.

शोध त्यांनी आधीच सुरू केला होता. "नऊनं भाग जातोय साहेब, कुठंतरी आकडा उलटा पडलाय," असे त्यांचे म्हणणे. ही जुनी खूण खरी आहे. ४५ च्या जागी ५४ लिहिले गेले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. पण त्या खुणेची पुढची अर्धी बाजू बहुतेकांना माहीत नसते. शेजारचे दोन अंक एकदाच उलटले असतील, तर फरकाला नऊने भागून येणारा आकडा एकाच अंकाचा असतो, मागे हवी तितकी शून्ये: १००, ३०, ७ असा. इथे १,३५० ला नऊने भागून येतात १५०. पंधरा हा एक अंक नव्हे. म्हणजे शेजारच्या अंकांची एकच उलटापालट हा फरक देऊच शकत नव्हती. एक शून्य गळून १,५०० चे १५० झाले असते तर १,३५० चा फरक पडला असता. किंवा निम्मी रक्कम, म्हणजे ₹६७५, चुकीच्या बाजूला खतावली गेली असती तरी तेवढाच. खतावणीत १५० आणि ६७५ च्या नोंदी शोधून पाहिल्या, पण तशी चूक नव्हती. मग एक शक्यता ठळक झाली: फरक एका चुकीचा नसून अनेक चुकांची बेरीज-वजाबाकी होऊन उरलेला शिल्लक आकडा आहे.

विचारात घेतलेले पर्याय

थोरल्यांचे मत स्पष्ट होते. "अहो, चार लाखांच्या नफ्यात तेराशे पन्नास रुपये! किरकोळ खर्चात टाका आणि मोकळे व्हा." पर्याय सोपा होता आणि अनेक ठिकाणी तेच केले जाते. पण फरक हा दोन चुकांमधला उरलेला आकडा असेल, तर ₹१,३५० चा फरक ₹२,००० च्या आणि ₹२ लाखांच्या चुकांतूनही सारखाच पडू शकतो. फरक लहान आहे म्हणून चुका लहान आहेत, हा निष्कर्ष इथे निघतच नव्हता.

दुसरा पर्याय धाकट्यांनी मांडला: खाती आहेत तशी बंद करू, सस्पेन्स खात्याची शिल्लक ताळेबंदात दाखवू, चुका सापडतील तशा पुढच्या वर्षी नफा-तोटा समायोजन खात्यातून दुरुस्त करू. भागीदार तेच राहणार असते तर मी याला फारसा विरोध केला नसता. पण इथे पुढच्या वर्षी थोरले पेढीत नसणार. २०२३-२४ ची चूक २०२४-२५ च्या नफ्यातून दुरुस्त झाली असती, तर तिचा सगळा भार किंवा लाभ धाकट्यांवर पडला असता. ते टाळायला प्रत्येक फरक जुन्या प्रमाणात दोघांत वाटून, पैसे घेऊन गेलेल्या थोरल्यांकडून वसूल करावा किंवा त्यांना पुन्हा द्यावा लागला असता. घरातल्या नात्यात हे किती अवघड होते, ते यार्डात सगळ्यांनी पाहिलेले आहे.

म्हणून तिसरा पर्याय ठरला. खाती उघडी ठेवायची, चुका शोधायच्या आणि ३१ मार्चच्याच तारखेने रोजकीर्दीत दुरुस्ती नोंदी घालायच्या. खाती बंद झालेली नसल्यामुळे खरेदी, विक्री, सूट अशा मूळ खात्यांनाच हात लावता येत होता, समायोजन खात्याची गरज नव्हती. खाडाखोड मात्र करायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवले. मूळ चुकीची नोंद दिसत राहिली पाहिजे आणि तिच्या समोर दुरुस्ती नोंदीचे पान लिहिले पाहिजे.

पहिली फेरी: सस्पेन्स खाते शून्यावर

रोजमेळातून खतावणीत गेलेली प्रत्येक रक्कम बरोबरची खूण करत तपासली. दोन चुका मिळाल्या.

रोजमेळात नावे बाजूला रोख सूट असा वेगळा रकाना होता. वेळेआधी पैसे देणाऱ्या ग्राहकाला दिलेली सूट त्यात लिहिली जाई. प्रत्येक ग्राहकाच्या खात्यावर ती त्या त्या वेळी जमा होत असे आणि महिनाअखेरची बेरीज सूट खात्याला नावे जात असे. फेब्रुवारीची बेरीज ₹२,२५० खतावायची राहून गेली होती. ही अर्धवट विसर चूक. व्यवहाराची एक बाजू लिहिली गेली, दुसरी राहिली, म्हणून ती तेरजेत उमटली.

दुसरी, बारदानवाल्याला चेकने दिलेले ₹५,६४० त्याच्या खात्यावर ₹६,५४० नावे पडले होते. अंक खरोखरच उलटले होते, फरक ₹९००. ही लेखाची चूक, म्हणजे व्यवहार नोंदला पण रक्कम चुकीची. दिवाणजींचा नऊचा संशय खोटा नव्हता, फक्त तो ₹१,३५० मध्ये शोधायचा नव्हता. नावे बाजूला २,२५० कमी आणि ९०० जास्त, म्हणून १,३५० कमी.

एकाच बाजूला पडलेली चूक दुरुस्त करताना दुसरे खाते सस्पेन्सच असते, कारण दुसरी बाजू मुळात बरोबर असते:

सूट खाते, नावे ₹२,२५०
सस्पेन्स खाते, जमा ₹२,२५०
(फेब्रुवारीच्या रोख सुटीची बेरीज खतावायची राहिली होती, ती आता खतावली.)

सस्पेन्स खाते, नावे ₹९००
बारदान व्यापाऱ्याचे खाते, जमा ₹९००
(₹५,६४० ऐवजी ₹६,५४० नावे पडले होते, जादा रक्कम परत फिरवली.)

सस्पेन्स खात्याला सुरुवातीचे १,३५० आणि हे ९०० मिळून नावे २,२५०, जमाही २,२५०. खाते शून्य झाले आणि तेरीज खऱ्या अर्थाने जुळली. दिवाणजींनी चष्मा काढून ठेवला. "झालं," म्हणाले.

खरा निर्णयाचा क्षण

माझ्या मते या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय हा होता: इथे थांबायचे का? भागीदारांना थांबायचे होते आणि त्यांना दोष देता येत नाही. तेरीज जुळणे म्हणजे हिशेब बरोबर, हे यार्डातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यात बसलेले आहे.

पण तेरीज एवढेच सांगते की नावे आणि जमा सारखे आहेत. व्यवहार मुळात लिहिलाच नाही, चुकीच्या माणसाच्या खात्यावर योग्य बाजूला लिहिला, खर्च आणि मालमत्ता यांत गल्लत झाली किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तर तेरजेला काहीच कळत नाही. मी भागीदारांना म्हणालो की मिळालेल्या दोन्ही चुका तेरजेने दाखवलेल्या आहेत. तेरीज दाखवू शकत नाही त्या चुका आपण अजून शोधायलाच घेतलेल्या नाहीत. धाकटे लगेच तयार झाले, थोरले थोड्या नाराजीने.

या फेरीत खतावणी स्वतःशीच ताडून उपयोग नव्हता. बाहेरचा पुरावा हवा होता. मोठ्या पुरवठादारांचे आणि ग्राहकांचे खातेउतारे मागवले, मुकादमाची आवक वही काढली, ३१ मार्चच्या साठा मोजणीचे कागद घेतले आणि महिन्यामहिन्याचे खरेदी-विक्रीचे प्रमाण मांडले.

दुसरी फेरी: तेरजेला न दिसलेल्या चुका

साठा मोजणीत हरभरा डाळीची २४ पोती बिलांच्या हिशेबापेक्षा जास्त भरत होती. मुकादमाच्या वहीत २९ मार्चला संध्याकाळी २४ पोती उतरल्याची नोंद होती. डाळमिलच्या उताऱ्यात त्याच तारखेचे ₹८४,००० चे उधार बिल होते, पोत्याला ₹३,५०० प्रमाणे. बिल वाहतूक पावतीला टाचलेले निघाले आणि पावती हमालीच्या फायलीत होती. खरेदी वहीपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. ही पूर्ण विसर चूक, दोन्ही बाजू गायब.

इथे थोडे थांबायला हवे. बिल विसरले की नफा वाढतोच, असे नाही. बिलही राहिले असते आणि ती पोतीही साठ्यात धरली नसती, तर खरेदी आणि अखेरचा साठा दोन्ही ₹८४,००० ने कमी राहून नफ्यात फरक पडला नसता. फक्त ताळेबंदात साठा आणि देणे दोन्ही कमी दिसले असते. इथे पोती मोजली गेली होती, तीही ₹८४,००० किमतीला, पण त्यांची खरेदी लिहिलेली नव्हती. म्हणून अख्खे ₹८४,००० नफ्यात शिरले होते. विसरलेले खरेदी बिल सापडले की पहिला प्रश्न विचारायचा: माल साठ्यात धरला आहे का?

खरेदी खाते, नावे ₹८४,०००
डाळमिलचे खाते, जमा ₹८४,०००
(२९ मार्चचे उधार खरेदीचे बिल नोंदवायचे राहिले होते.)

सस्पेन्स खाते इथे येत नाही, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखी होती. हाच नियम पुढच्या दोन चुकांनाही लागू झाला.

जूनमध्ये खरेदीचे प्रमाण विक्रीच्या मानाने फुगलेले दिसले. त्या महिन्यात धान्य साफ करायची मोटरची चाळणी घेतली होती, कर धरून ₹६०,०००. पेढीची विक्री करमुक्त असल्यामुळे त्या कराची वजावट मिळणार नव्हती, म्हणून कर हा यंत्राच्या किमतीचाच भाग. बिल व्यापाऱ्याकडून आले म्हणून दिवाणजींनी ते खरेदी वहीत घातले. यंत्र बसवण्याचे ₹४,००० हमाली खात्याला गेले. विकायला आणलेला माल ती खरेदी, वर्षानुवर्षे वापरायला आणलेली वस्तू ती मालमत्ता, हा फरक मोडला म्हणून ही तत्त्वाची चूक. बसवण्याचा खर्चही यंत्र चालू होण्यासाठीच होता, म्हणून तोही किमतीत.

धान्य चाळणी यंत्र खाते, नावे ₹६४,०००
खरेदी खाते, जमा ₹६०,०००
हमाली खाते, जमा ₹४,०००
(यंत्राची किंमत व बसवणीचा खर्च चुकीने खरेदी व हमालीत गेला होता.)

या दुरुस्तीनंतर एक काम हमखास राहते. यंत्र मालमत्ता झाले की त्यावर घसारा आलाच. पेढी आयकराच्या दरानेच घसारा धरत असे. यंत्र १८० दिवसांपेक्षा जास्त वापरात होते, म्हणून पूर्ण १५ टक्के, म्हणजे ₹९,६००:

घसारा खाते, नावे ₹९,६००
धान्य चाळणी यंत्र खाते, जमा ₹९,६००

तिसरी चूक पैशाने लहान नव्हती आणि माणसांमध्ये मोठी ठरली होती. एकाच आडनावाचे दोन किराणा दुकानदार ग्राहक होते, एक स्टँडाजवळचे, एक वरच्या आळीतले. स्टँडाजवळच्यांनी दिलेले ₹२७,५०० वरच्या आळीच्या खात्यावर जमा झाले होते. पैसे देऊनही स्टँडाजवळच्यांना तगाद्याचे फोन गेले आणि त्यांनी दोन महिने मालच उचलला नाही. नफ्यावर परिणाम शून्य, कारण दोन्ही खाती येणेकऱ्यांचीच.

वरच्या आळीच्या दुकानदाराचे खाते, नावे ₹२७,५००
स्टँडाजवळच्या दुकानदाराचे खाते, जमा ₹२७,५००
(एकाची वसुली चुकून दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली होती.)

दोन चुका, एक झाकण

सर्वात शेवटी मिळाली ती परस्पर भरपाईची जोडी. एका ग्राहकाच्या उताऱ्यापेक्षा आमच्या खतावणीत त्याच्याकडून ₹१०,००० जास्त येणे दिसत होते. विक्री वहीत ₹१८,५०० ची विक्री, खात्यावर मात्र ₹२८,५०० नावे. एवढ्याच चुकीने तेरजेत नावे बाजू १०,००० ने वाढायला हवी होती. ती वाढली नाही, म्हणजे जमा बाजूलाही तेवढीच दुसरी चूक नक्की होती. अशा वेळी पहिली चूक मिळाल्याचा आनंद मानू नये, लगेच जोडीदार शोधावा. विक्री वहीची पाने उलटत गेलो. नोव्हेंबरमध्ये एका पानाची बेरीज ₹३,८६,२४० पुढच्या पानावर ₹३,९६,२४० म्हणून नेली होती. महिन्याची विक्री ₹१०,००० ने फुगली होती.

या दोन चुकांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. दोन वेगळे दिवस, दोन वेगळ्या वह्या, रक्कम योगायोगाने सारखी. पण खतावणीत पाहणाऱ्याला ते एका खऱ्या उधार विक्रीसारखे दिसत होते: ग्राहक नावे, विक्री जमा.

दिवाणजींनी सुचवले की विक्री खाते नावे आणि ग्राहक जमा अशी ₹१०,००० ची एकच नोंद करू. आकडे त्यानेही बरोबर आले असते. मी दोन नोंदी करायला सांगितल्या, कारण एकत्र नोंद वाचणाऱ्याला वाटेल की विकलेला माल परत आला किंवा बिल रद्द झाले. खरे तसे काही घडले नव्हते.

विक्री खाते, नावे ₹१०,०००
सस्पेन्स खाते, जमा ₹१०,०००
(नोव्हेंबरच्या विक्री वहीची बेरीज पुढे नेताना वाढली होती.)

सस्पेन्स खाते, नावे ₹१०,०००
ग्राहकाचे खाते, जमा ₹१०,०००
(₹१८,५०० ऐवजी ₹२८,५०० नावे पडले होते.)

सस्पेन्स खाते पुन्हा शून्यच राहिले.

परिणाम

कच्चा नफा ₹४,१२,००० होता. त्यातून सूट २,२५०, फुगलेली विक्री १०,०००, राहिलेली खरेदी ८४,००० आणि घसारा ९,६०० वजा झाले, यंत्राचे ६४,००० मिळाले. नफा ₹४१,८५० ने उतरून ₹३,७०,१५० झाला. प्रत्येक भागीदाराचा वाटा ₹२,०६,००० वरून ₹१,८५,०७५ वर आला.

आकडे थोरल्यांच्या विरोधात गेले होते. "डाळ आणि चाळणी एकमेकांत जवळजवळ फिटतातच की," असे ते म्हणाले. नफ्याच्या ओळीत पाहिले तर बरेचसे फिटत होते. ताळेबंदात मात्र नाही. ₹५४,४०० चे यंत्र कागदावर नसताना पेढी धाकट्यांकडे गेली असती आणि डाळमिलचे ₹८४,००० चे कुठेच न दिसणारे देणेही त्यांच्याच गळ्यात पडले असते.

पडताळा म्हणून तोच फरक ताळेबंदातून काढून दाखवला. यंत्र ५४,४०० ने वाढले, ग्राहकाचे येणे १०,००० ने आणि नावे शिल्लक असलेले सस्पेन्स खाते १,३५० ने घटले, म्हणजे मालमत्ता ₹४३,०५० ने वर. देणी डाळमिलची ८४,००० आणि बारदानवाल्याची ९०० मिळून ₹८४,९०० ने वर. फरक बरोबर ₹४१,८५०. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आल्यावर थोरल्यांनी सही केली.

काय वेगळे करता आले असते

तेरीज वर्षातून एकदाच काढली जात होती. दर महिन्याला काढली असती, तर सुटीचा फरक मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सरळ ₹२,२५० म्हणून समोर आला असता. बारदानवाल्याची चूक त्यात मिसळून फसवा आकडा तयार झाला नसता.

तपासाचा क्रमही बदलायला हवा होता. मी सस्पेन्सपासून सुरुवात केली, कारण सगळ्यांचे लक्ष तिकडे होते. खातेउतारे आणि आवक वही आधी घेतली असती, तर बारदानवाल्याचे ₹९०० उताऱ्यातच मिळाले असते आणि पहिल्या फेरीनंतर 'झालं' म्हणायचा मोहही झाला नसता. उतारे यायला वेळ लागतो, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागवावेत.

मार्चअखेरीच्या बिलांसाठी पेढीने आता एक पद्धत घातली आहे. ३१ मार्चच्या संध्याकाळी मुकादमाच्या आवक वहीतली शेवटची नोंद आणि खरेदी वहीतले शेवटचे बिल एकमेकांसमोर ठेवून धाकटे भागीदार आणि दिवाणजी दोघे सही करतात. आवक झाली पण बिल नाही, अशी प्रत्येक ओळ लाल शाईने वेगळी लिहिली जाते. एकाच आडनावाच्या ग्राहकांच्या खात्यांना गावाचे किंवा आळीचे नाव जोडले आहे. हमाली खात्यात ₹२,००० च्या वरची कोणतीही रक्कम घालण्याआधी, ती कशाची हमाली होती हे दिवाणजी समोर लिहून ठेवतात.